कुंभाराचा आवा : क्षेत्रभेटीच्या प्रकल्पाचा विषय

कारागिराच्या घरी जाऊन, त्याचे काम पाहून आणि त्याच्याशी बोलून करायच्या प्रकल्पांत कुंभारकाम हा नेहमीचा विषय आहे. ‘कुंभार व्यवसायाचा अभ्यास’ असे नाव दिले, की वहीत चाकाचे चित्र आणि बारा बलुतेदारांवरचा एक परिच्छेद एवढेच उतरते. विषय हातात मावेल एवढा हवा. एका आव्यातून किती मडकी शाबूत निघतात आणि बाकीची का जातात, हा असा विषय.

आवा म्हणजे मडकी भाजण्याची भट्टी. गावाकडे ती बहुधा उघडीच रचतात. खाली जळण, वर मडक्यांचे थर, मधल्या जागेत गोवऱ्या आणि सगळ्यावर गवत, राख, फुटक्या खापरांचे पांघरूण. एकदा पेटवला की आत डोकावता येत नाही. म्हणून भेटी दोन लागतात: एक रचताना, दुसरी आवा निवून उघडताना.

पहिल्या भेटीत मडकी मोजावीत आणि मातीबद्दल विचारावे. पुष्कळ कुंभार मातीत घोड्याची लीद मळतात. लिदीतले तंतू भाजताना जळून जातात आणि जागोजाग बारीक छिद्रे राहतात. माठातले पाणी त्यांतून पाझरून बाहेर सुकते, म्हणून आतले गार होते.

दुसऱ्या भेटीत मडकी वेगळी काढावीत. आत ओल राहिलेले मडके वाफेने फुटते. कच्चे राहिलेले दिसायला धड असते, पण बोटाने वाजवले तर खणखणत नाही, बद्द आवाज येतो. काळा डाग हा दोष वेगळा: तिथे धूर कोंडला आणि हवा पोचली नाही. मातीतले लोह हवा मिळाली तरच लाल होते.

समजा, 200 मडकी रचली. 24 फुटली, 10 कच्ची निघाली, विक्रीला 166 उरली. जळण आणि मातीचा खर्च 4,150 रुपये असेल, तर एका मडक्यामागे तो 20.75 वरून 25 रुपयांवर जातो. यात मजुरी धरलेलीच नाही. बऱ्याच घरांत माती मळणे आणि रंगवणे बायका करतात, तेव्हा फक्त चाकावरच्या माणसाला विचारून हिशेब पुरा होत नाही.

‘महिन्याला किती मिळतात?’ हा प्रश्न वायाच जातो. संक्रांतीला सुगडे, उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या अशी कमाई असते. महिन्याचा आकडा त्या घरातही कुणी काढलेला नसतो. ‘गेल्या आव्यात किती फुटली?’ असे विचारले, तर नेमके उत्तर येते, आणि बहुतेक वेळा कारणासकट.

भर पावसाळ्यात आवा सहसा लागत नाही. त्या दिवसांत अनेक ठिकाणी गणपतीच्या मूर्ती चालू असतात. तो प्रकल्प निराळा, कारण शाडूची मूर्ती भाजतच नाहीत.