निरोप आवाजात, वाचायचा पडद्यावर: पार्श्वभूमी

२००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिला आयफोन आला, तेव्हा व्हॉइसमेलची यादी पडद्यावर दिसणं हीच नवलाई होती. त्याआधी पेटीला फोन लावायचा, पिन द्यायचा आणि निरोप आले त्या क्रमाने ऐकायचे. चौथा हवा असला तरी पहिले तीन ओलांडूनच जावं लागे. यादी आल्यावर हवा तो निरोप बोटाने उघडता येऊ लागला. मात्र त्यासाठी मोबाइल कंपनीला आपला सर्व्हर बदलावा लागला, म्हणून सुरुवातीला ही सोय एकाच कंपनीच्या ग्राहकांना मिळाली.

पुढे बऱ्याच कंपन्यांनी स्वीकारलेल्या समान पद्धतीत निरोप कंपनीच्या सर्व्हरवर रेकॉर्ड होतो, आणि फोनला एक एसएमएस जातो, जो मालकाला दिसत नाही. काही भाग गाळला तर तो असा असतो:

```
//VVM:SYNC:ev=NM;c=1;t=v;l=30
```

नवा निरोप, संख्या एक, प्रकार आवाज, लांबी ३० सेकंद. हे वाचून फोन ईमेल आणावं तशी ध्वनिफीत उतरवून घेतो. इथपर्यंत कुणाचा वाद नव्हता. वाद झाला तो त्या फितीचा मजकूर कोण करतं यावरून.

ब्रिटनमधली एक कंपनी २००३ पासून हेच विकत होती: निरोप ठेवा, समोरच्याला एसएमएस म्हणून मिळेल. जाहिरातीचा सगळा भर यंत्रावर. मजकूर मात्र यंत्राच्या मानाने संशयास्पद चांगला यायचा. २००९ च्या जुलैमध्ये तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने बातमी दिली, की बरेचसे निरोप युरोपबाहेरच्या कॉल सेंटरांतली माणसं ऐकून टंकत होती. एकच ध्वनिफीत पुन्हापुन्हा पाठवली तर दर वेळी वेगळा मजकूर परत येई. यंत्र तीच फीत तशीच वाचेल, माणसं मात्र आपापल्या परीने ऐकतात, त्यामुळे ही खूण बोलकी होती. कंपनीचं म्हणणं असं, की यंत्राला खात्री नसलेला भागच माणसाकडे जातो आणि तोही कुणाचा ते न कळता. यात तथ्य नव्हतं असं नाही. यंत्राला शिकवायला माणसाने दुरुस्त केलेला मजकूर लागतोच. पण ब्रिटनच्या माहितीसंरक्षण नोंदवहीत याच कंपनीने आपण माहिती युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर पाठवत नाही असं लिहून दिलं होतं, आणि खरी गोची तिथे झाली. प्रमाण किती, हा आकडा कंपनीने शेवटपर्यंत उघड केला नाही. वर्षअखेरीस एका अमेरिकी कंपनीने ती सुमारे १० कोटी डॉलरला विकत घेतली. माझ्या मते गुन्हा माणसं वापरण्यात नव्हता, ते लपवण्यात होता. 'माझा निरोप कोण ऐकतंय?' हा प्रश्न मात्र त्या उन्हाळ्यानंतर कायमचा चिकटला.

त्याच वर्षी गूगल व्हॉइसने फक्त यंत्राने मजकूर करून दाखवला आणि तो बराच काळ विनोदाचा विषय राहिला. दोष सगळा ओळखण्याचा नव्हता. जुन्या फोन लाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज जातो. 'स' आणि 'फ' यांचा फरक बराचसा त्याच्या वरच्या भागात असतो. त्यामुळे नावं आणि आडनावं सर्वांत आधी बिघडतात. गूगलच्या मजकुरात एक प्रामाणिकपणा होता: खात्री नसलेले शब्द फिक्या रंगात दिसत. २०१५ मध्ये त्यांनी न्यूरल नेटवर्कची नवी पद्धत आणली आणि चुका जवळपास निम्म्या झाल्याचं जाहीर केलं. आयफोनवर मजकूर २०१६ मध्ये आला, न कळलेल्या शब्दांच्या जागी रेघ सोडून. इंग्रजीच गृहीत धरणाऱ्या यंत्रापुढे न्यू जर्सीतल्या मुलासाठी आईने ठेवलेला मराठी निरोप गेला, तर पदरात असंबद्ध इंग्रजी शब्द पडत किंवा काहीच नाही. भारतात या सगळ्याची झळ फारशी बसली नाही, कारण आपल्याकडे मिस्ड कॉल हाच निरोप होता.

२०२३ मधला आयफोनचा लाइव्ह व्हॉइसमेल वेगळ्या वाटेने जातो. कॉल फोन स्वतः उचलतो, समोरचा बोलत असतानाच शब्द पडद्यावर उमटतात आणि मजकूर फोनमध्येच तयार होतो. वाचता वाचता वाटलं तर मालक मध्येच कॉल घेऊ शकतो. पण फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर उचलणार कोण? असा निरोप पुन्हा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. म्हणून काही निरोप लगेच मजकुरासकट दिसतात, तर काही फोन चालू केल्यावर उशिरा येतात.