एक भेट ठरवणं वेगळं, वार लावणं वेगळं

भुसावळच्या एका तरुण प्राध्यापक मित्रानं परवा मला मेलचा मसुदा दाखवला. केळीवरच्या करप्यावर इंग्लंडमधल्या एका संशोधक बाईंबरोबर जोडपेपर लिहायचा आहे, त्यासाठी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल ठरवायचा. मसुद्यात मधोमध हे वाक्य होतं: "आपण दर मंगळवारी भारतीय वेळेनुसार दुपारी 2:30 ला (तुमचे सकाळचे 10) भेटूया."

"दोन्हीकडच्या वेळा लिहिल्यात सर, घोळ नको म्हणून," तो म्हणाला. आणि घोळ नेमका तिथंच होता. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या मेलांमध्ये पाहिलंय, आणि एकदा स्वतःही लिहिलंय, की आता सविस्तर सांगूनच टाकतो.

एकदाच भेटायचा मेल सगळ्यांना येतो, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. तारीख, वार, दोन्हीकडची वेळ, किती मिनिटं, लिंक आणि कशावर बोलायचं ते दोन ओळीत. दोन-तीन पर्याय द्यावेत, "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा" लिहून ओझं समोरच्यावर टाकू नये. मला त्या वाक्याची चीड आहे, पण तो वेगळा विषय झाला. असल्या मेलात दोन्ही वेळा लिहिणं योग्यच. तारीख दिलेली असते, त्या तारखेला जळगावात अडीच म्हणजे लंडनमध्ये दहा असेल तर असेल. हिशेब एकदाच करायचा आणि विसरून जायचं.

दर आठवड्याचा कॉल ठरवणं म्हणजे वार लावणं. पूर्वी शिकायला आलेली गरीब पोरं वार लावून जेवायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. वार लावला म्हणजे पान त्या घरच्या जेवणाच्या वेळेला मांडलं जायचं, पोराच्या पोटाच्या घड्याळानुसार नव्हे. व्हिडिओ कॉलचा वार लावतानाही पहिला प्रश्न हाच असतो: वेळ कुणाच्या घड्याळाची? एकदाच्या भेटीत हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून लोक एकदाच्या मेलाला "दर मंगळवारी" एवढंच जोडतात आणि काम झालं समजतात.

आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. ब्रिटनचं दोनदा हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते तास पुढं करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तास मागं आणतात. यंदा म्हणजे 2026 मध्ये ते रविवार 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेपाच. मित्राच्या मेलात लिहिलेली जोडी, अडीच आणि दहा, फक्त उन्हाळ्यातच खरी आहे. 25 ऑक्टोबरनंतर आपले अडीच म्हणजे त्यांचे नऊ, आणि त्यांचे दहा म्हणजे आपले साडेतीन. "दर मंगळवारी" लिहिलेल्या मेलातल्या दोन वेळांपैकी एक खोटी होणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. कोणती, ते मात्र मेलात कुठंच लिहिलेलं नसतं.

2025 च्या ऑक्टोबरात माझं हेच झालं. माझ्या सहलेखिका मूळच्या चोपड्याच्या, आता इंग्लंडात शिकवतात, म्हणजे भाषेचाही अडसर नाही. एप्रिलपासून मंगळवारचे कॉल सुरळीत चालले होते, लिंक कायमची एकच. दिवाळी आटोपून 28 तारखेला मी अडीचला लॅपटॉप उघडून बसलो. पावणेतीन झाले, कुणी नाही. बाई विसरल्या असतील म्हणून वही मिटली आणि साडेतीनला प्रॅक्टिकलच्या बॅचवर गेलो. पाचला फोन पाहतो तर तीन मेसेज. शेवटचा असा: "सर, मी बरोबर दहाला बसले होते. तब्येत बरी आहे ना?" दोघंही वेळेवर होतो. आमच्या मेलातला अर्धा भाग मी पाळला, अर्धा त्यांनी. त्याच आठवड्यात आकृत्यांची यादी पक्की करायची होती, ती पुढच्या मंगळवारवर गेली.

हा घोळ लवकर कळत नाही, हा त्याचा दुसरा वाईटपणा. एप्रिलमध्ये लावलेला वार सहा महिने झकास चालतो आणि मग एका मंगळवारी दोन माणसं तासाच्या अंतरानं रिकाम्या खिडकीकडं बघत बसतात. तोवर मूळ मेल कुणाला आठवतो?

यावर एक हुशारीचा सल्ला हमखास मिळतो: सरळ GMT किंवा UTC मध्ये वेळ लिहा, म्हणजे वादच नको. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. UTC हलत नाही आणि आपणही हलत नाही, आपल्यातलं अंतर कायम साडेपाच तासांचं. म्हणून "सकाळी 9 UTC" लिहिणं म्हणजे "भारतीय अडीच" लिहिणंच. तटस्थ काही नाही त्यात, आपलंच घड्याळ वेगळा सदरा घालून आलंय. GMT तर त्याहून वाईट, कारण लंडनची वेळ म्हणजेच GMT असं समजणारे भरपूर आहेत. जुलैमध्ये "10 GMT" म्हणजे काटेकोरपणे लंडनचे अकरा आणि आपले साडेतीन होतात. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र लंडनचे दहा असतात. आणि IST या तीन अक्षरांवर आपला एकट्याचा हक्क नाही. आयर्लंडची उन्हाळी वेळही IST, इस्रायलची हिवाळी वेळही IST. डब्लिनच्या माणसाला "2:30 IST" लिहून बघा. अक्षरं सोडा, गावाचं नाव लिहा. "लंडनच्या घड्याळाप्रमाणे" किंवा "भारताच्या घड्याळाप्रमाणे", याचा दुसरा अर्थ निघत नाही.

म्हणजे पर्याय खरे दोनच उरतात: त्यांचं घड्याळ किंवा आपलं. त्यांचं धरलं तर हिवाळ्यात आपल्याकडं कॉल तासानं उशिरा सरकतो. आपलं धरलं तर त्यांच्याकडं तासानं अलीकडं येतो. कुणाला तरी सरकावं लागणारच. माझं मत ठाम आहे: त्यांचं घड्याळ धरा. ज्या देशात घड्याळच हलतं, तिथं लेक्चर, मुलांच्या शाळा, बस सगळं त्याच्याबरोबर हलतं. आपण अडीचला घट्ट धरून बसलो तर त्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकात हा एकच कॉल दहावरून नऊवर उडी मारतो, आणि नऊला त्यांचं लेक्चर असू शकतं. आपल्याकडं काहीच हलत नाही, म्हणून आपल्याला सहा महिने आधी कळू शकतं की कोणता तास लागणार आहे.

त्याची किंमत एकच: आपल्या बाजूला एक नव्हे, लागोपाठ दोन वेळा मोकळ्या हव्यात. मंगळवारचे अडीच आणि साडेतीन, दोन्ही. साडेतीनला बॅच असेल आणि ती हलतच नसेल, तर मात्र लाजू नका. भारताचं घड्याळ धरा आणि मेलात उघड लिहा की 27 ऑक्टोबरपासून तुमच्याकडं हा कॉल नऊला पडेल, चालेल का?

कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं की हे आपोआप मिटतं, असंही लोक समजतात. अर्धंच खरं आहे. दोघांना एकाच वेळी घंटी वाजेल एवढी हमी मिळते, पण कुणी सरकायचं हे कॅलेंडर न विचारता ठरवतं. निमंत्रण जळगावात बसून बनवलं तर ते भारताचं घड्याळ धरतं, आणि ऑक्टोबरात समोरच्याचा कॉल गुपचूप नऊवर जातो. गूगल कॅलेंडरमध्ये वेळेच्या शेजारी टाइम झोनचा पर्याय असतो. तिथं लंडन निवडलं की निमंत्रणाच्या पोटात साधारण हे लिहिलं जातं:

```
DTSTART;TZID=Europe/London:20260421T100000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
```

`TZID` पुढं जे गाव असेल त्याचं घड्याळ चालणार. तिथं `Asia/Kolkata` दिसलं तर आपलं. वेळेच्या शेवटी नुसता `Z` असेल तर UTC, म्हणजे पुन्हा आपलंच.

अमेरिकेतला तिसरा लेखक असेल तर अजून एक गाठ पडते. त्यांचं घड्याळ यंदा 8 मार्चला पुढं गेलं आणि 1 नोव्हेंबरला मागं येईल, म्हणजे 27 ऑक्टोबरच्या मंगळवारी ब्रिटन सरकलेलं आणि अमेरिका न सरकलेली. तेवढ्या एका कॉलला वेळ आदल्या दिवशी पुन्हा कळवा, बस.

बाकीचे फरक किरकोळ. एकदाच्या भेटीला शेवट असतो, वाराला तो द्यावा लागतो, नाहीतर पेपर छापून आला तरी मंगळवारची घंटी वाजत राहते. इंग्रजीत "बायवीकली" लिहू नका. आठवड्यातून दोनदा की पंधरवड्यातून एकदा, हे लिहिणाऱ्यालाही नक्की नसतं. आणि झूमचं फुकटचं खातं 40 मिनिटांनी कापतं, म्हणून कॉलच 40 मिनिटांचा ठरवावा. जोडपेपरला तेवढा पुरतो.

मित्राचा मेल आम्ही शेवटी असा केला. पाठवला इंग्रजीतून, पण मजकूर हा:

"मॅडम, पेपरच्या आखणीसाठी दर मंगळवारी लंडनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी 10 ते 10:40 बोलावं असं सुचवतो. पहिला कॉल 21 एप्रिलला, शेवटचा 8 डिसेंबरला. तुमची वेळ वर्षभर दहाच राहील. माझ्याकडं हा कॉल 20 ऑक्टोबरपर्यंत दुपारी अडीचला आणि 27 ऑक्टोबरपासून साडेतीनला असेल, ते मी सांभाळतो. पहिल्या कॉलला कोणता भाग कोण लिहिणार आणि लेखकांच्या नावांचा क्रम, एवढंच ठरवू. एखादा मंगळवार जमणार नसेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवावं. तो कॉल रद्द समजू, दुसऱ्या वारी हलवणार नाही. चालत असेल तर निमंत्रण पाठवतो."

त्यानं दोनदा वाचला. मग म्हणाला, "पण सर, मंगळवारी साडेतीनला माझी टीवायची बॅच असते."

"जूनमध्ये नवं टाइमटेबल लागतं ना भो? त्याच्या आधी जाऊन ती बुधवारी टाकून घे."

"ऑक्टोबरसाठी एप्रिलमध्ये सांगू? एचओडी हसतील."

"हसू दे," म्हटलं. "माझे हसले नव्हते, म्हणून मी 28 तारखेला बॅचवर होतो."