ड्युअल ॲप

एकाच फोनवर एकाच संदेशवाहक ॲपची दोन खाती, दोन वेगळ्या मोबाइल क्रमांकांवर, एकाच वेळी चालू ठेवण्याच्या सोयीला हे नाव आहे. बोलण्यात तिला ‘क्लोन’ किंवा ‘डबल व्हॉट्सॲप’ असेही म्हणतात. शाओमीच्या फोनमध्ये ही सोय ‘ड्युअल ॲप्स’, सॅमसंगमध्ये ‘ड्युअल मेसेंजर’ आणि हुआवेमध्ये ‘ॲप ट्विन’ या नावांनी मिळते. प्रस्तुत नोंद मुख्यतः अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपपुरती आहे. टेलिग्रामसारख्या ॲपमध्ये एकाहून अधिक खाती मुळातच ठेवता येत असल्याने तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

या सोयीच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ २०१५च्या सुमारास चीनमध्ये पुढे आलेल्या ‘प्लगइन’ तंत्रात आहे. किहू ३६० या कंपनीने त्या वर्षी खुला केलेला ‘ड्रॉइडप्लगइन’ हा संच आणि त्यानंतर लोकप्रिय झालेले ‘पॅरलल स्पेस’ हे ॲप यांमध्ये एक यजमान ॲप दुसऱ्या ॲपला आपल्या पोटात चालवते. दुसऱ्या मतानुसार मूळ खुद्द अँड्रॉइडमध्येच आहे : २०१२च्या ४.२ आवृत्तीत टॅबलेटवर अनेक वापरकर्त्यांची सोय आली आणि २०१४च्या ५.० आवृत्तीत ती फोनवर येऊन तिच्या जोडीला कामाचे प्रोफाइल, म्हणजे ‘वर्क प्रोफाइल’, आले. शाओमीने २०१६मध्ये आपल्या एमआययूआय ८ या प्रणालीबरोबर दिलेले ड्युअल ॲप्स कोणत्या परंपरेतले, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. मागणी पहिल्या प्रकारच्या ॲपनी आणि दोन सिमच्या फोननी निर्माण केली असावी, हे मान्य करता येते. मात्र फोन उत्पादकांच्या क्लोनची अंतर्गत रचना पाहता ती दुसऱ्या परंपरेला जवळची दिसते.

ही रचना समजली की बहुतेक मर्यादांचा उलगडा आपोआप होतो. क्लोन ही ॲपची दुसरी प्रत नसून फोनमध्ये गुपचूप तयार केलेल्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावे तेच ॲप पुन्हा सुरू केलेले असते. मुख्य वापरकर्त्याचा क्रमांक ० असतो. शाओमीमध्ये क्लोनच्या वापरकर्त्याला ९९९, सॅमसंगमध्ये ९५ आणि हुआवेमध्ये १२८ हा क्रमांक दिलेला आढळतो. यूएसबी डीबगिंग चालू केलेला फोन संगणकाला जोडून, फोनला आज्ञा पाठवणाऱ्या adb या साधनाने संगणकावरून पुढील आज्ञा दिल्यास ही यादी समोर येते :

```
adb shell pm list users
```

वापरकर्त्याच्या क्रमांकाला एक लाखाने गुणून त्यात ॲपचा स्वतःचा क्रमांक मिळवला की त्या ॲपची फोनमधील ओळख तयार होते. समजा व्हॉट्सॲपचा क्रमांक १०२३४ आहे. तर मुख्य खाते १०२३४ या ओळखीने आणि क्लोन ९९९१०२३४ या ओळखीने चालते. फोनच्या दृष्टीने ही दोन परकी ॲप असल्याने एकाला दुसऱ्याचे संदेश वाचता येत नाहीत. ॲपची मूळ फाइल मात्र साठवणीत एकच असते, दुप्पट होतो तो केवळ विदा, म्हणजे डेटा. त्यामुळे अद्ययावत केल्यास दोन्ही खात्यांची आवृत्ती एकदमच बदलते. एका खात्यासाठी जुनी आवृत्ती राखून ठेवणे या पद्धतीत शक्य नाही.

सर्वाधिक नुकसान साठवणीच्या विभागणीमुळे होते. मुख्य खात्याची छायाचित्रे आणि फोनवरच ठेवली जाणारी संदेशांची रोजची प्रत `/storage/emulated/0` या जागेखाली, तर शाओमीच्या क्लोनची `/storage/emulated/999` खाली जाते. ही दुसरी जागा साध्या फाइल मॅनेजरमध्ये बहुधा दिसतच नाही. दुकानाचा क्रमांक क्लोनमध्ये आणि घरचा क्रमांक मुख्य ॲपमध्ये ठेवणाऱ्या एखाद्या कापड दुकानदाराचे उदाहरण घेता येईल. नवा फोन घेतल्यावर तो जुन्या फोनमधील ‘WhatsApp’ हे फोल्डर जपून उतरवून घेतो, जुन्या फोनमधील ड्युअल ॲपचे बटण बंद करतो आणि नव्या फोनवर दुकानाच्या क्रमांकाची नोंदणी करतो. सहा अंकी संकेतांक येतो, खाते उघडते, गट दिसू लागतात. परंतु गिऱ्हाइकांशी झालेले जुने बोलणे आणि पाठवलेली बिले कोठेच नसतात. त्याने उतरवलेले फोल्डर घरच्या क्रमांकाचे होते आणि बटण बंद करताच दुकानाच्या क्रमांकाचा सगळा विदा पुसला गेला. नोंदणी यशस्वी झाली म्हणजे संदेशही आले, असा समज येथे घात करतो, कारण खाते कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि जुने संदेश फोनवर.

योग्य क्रम असा की क्लोन चालू असतानाच त्याच्या ‘चॅट बॅकअप’ पानावर जाऊन गूगल खाते निवडलेले आहे की नाही आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे हे पाहावे. काही फोनांत क्लोनमधून गूगल खातेच दिसत नाही. तेथे ते आधी जोडावे लागते. त्यानंतर नव्या फोनवर, ॲप ज्या प्रोफाइलमध्ये उघडायचे त्याच प्रोफाइलमध्ये तेच गूगल खाते ठेवून नोंदणी करावी. जुने बोलणे नव्या फोनवर प्रत्यक्ष वाचता आल्याशिवाय जुना क्लोन बंद करू नये.

वर्क प्रोफाइलची पद्धत तत्त्वतः हीच, पण तिच्यावर एक व्यवस्थापक असतो. ‘शेल्टर’ किंवा ‘आयलंड’ यांसारखी ॲप स्वतःच व्यवस्थापक बनून असे प्रोफाइल उभारतात आणि त्यातील ॲपच्या चिन्हावर लहानशी ब्रीफकेस दिसते. फोनवर असे प्रोफाइल सामान्यतः एकच ठेवता येते. कंपनीने आधीच आपले प्रोफाइल बसवले असेल, तर या ॲपना जागा उरत नाही. शिवाय कंपनीच्या प्रोफाइलमध्ये खासगी खाते ठेवल्यास व्यवस्थापक ते प्रोफाइल दुरूनही पुसू शकतो. प्रोफाइल थांबवले की त्यातील व्हॉट्सॲप झोपते, सूचना येत नाहीत आणि पाठवणाऱ्याला एकच टिक दिसत राहते. संदेश हरवत नाहीत, प्रोफाइल पुन्हा चालू करताच ते एकदम येऊन पडतात. नेटवर्क चांगले असूनही एकाच खात्याचे संदेश अडत असतील, तर प्रथम येथेच पाहावे.

यजमान ॲपच्या पोटात चालणाऱ्या क्लोनमध्ये ही विभागणी नसते. पाहुणे ॲप यजमानाच्याच ओळखीने चालत असल्याने यजमानाला त्याचा विदा वाचणे शक्य असते, आणि परवानग्याही यजमानालाच द्याव्या लागतात. भारत सरकारने जून २०२०मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये पॅरलल स्पेसचा समावेश होता. नाव आणि स्वाक्षरी बदलून वाटली जाणारी व्हॉट्सॲपची अनधिकृत रूपे याहून वेगळी असून ती वापरल्यास खाते रोखले जाऊ शकते.

व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३मध्ये अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खात्यांची सोय जाहीर केली, तेव्हापासून केवळ दुसऱ्या क्रमांकासाठी क्लोनची गरज राहिलेली नाही. त्याआधी २०१८मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे स्वतंत्र ॲप असल्याने आणखी एक क्रमांक तेथे बसतो. म्हणजे क्लोन, बिझनेस आणि अंगभूत सोय यांची जोडणी केल्यास ॲपच्या बाजूने तीन-चार खातीही चालू शकतात. अडते ते सिमच्या जागांपाशी. संकेतांक नोंदणीच्या वेळीच लागत असल्याने तिसरे सिम जुन्या साध्या फोनमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत मात्र, नोंदणीचे सिम फोनमध्ये चालू असल्याखेरीज असे ॲप वापरता येऊ नये, अशी व्यवस्था करण्यास कंपन्यांना सांगितले असून त्याचा रोख नेमका या पद्धतीवर येतो.