चौथ्या मिनिटाचे न दिसलेले तापमान

थर्माकोलच्या पेल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात तेवढेच सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ओतायचे आणि तापमान किती चढले ते पाहायचे. आम्लातला H⁺ आणि आम्लारीतला OH⁻ एकत्र येऊन पाणी तयार होते, तेव्हा उष्णता बाहेर पडते. एक मोल पाणी तयार होताना जेवढी बाहेर पडते ती उदासिनीकरणाची उष्णता. प्रयोग दहा मिनिटांचा, गणित दोन ओळींचे. तरीही उत्तर हमखास कमी येते. कधी कमी, कधी जास्त असे आले असते तर हाताचा दोष म्हणता आला असता. सतत एकाच बाजूला चूक होते, तेव्हा कारण प्रयोगाच्या रचनेतच असते.

कारण तसे सोपे आहे. थर्माकोल उष्णता अडवतो, पण पूर्ण थांबवत नाही. पेल्याच्या भिंतीतून, आणि त्याहून अधिक उघड्या तोंडातून, ती निसटत राहते. दुसरीकडे तापमापीला नवे तापमान दाखवायला थोडा वेळ लागतो, द्रावणे नीट मिसळायलाही लागतो. म्हणजे तापमापीचा आकडा कमाल पातळीला पोहोचेपर्यंत द्रावण निवायला लागलेले असते. आपण वाचतो ते कमाल तापमान खऱ्या कमालीपेक्षा खालचेच असते.

मग खरे तापमान, जे कोणालाच दिसले नाही, ते काढायचे कसे? त्यासाठी घड्याळ लागते आणि आलेखाचा कागद.

एक उदाहरण घेऊ. पेल्यात 1 मोलर आम्ल 50 मिलिलिटर आहे. आम्लारी तितकीच, पण मुद्दाम किंचित तीव्र, म्हणजे 1.1 मोलर. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून थोडे निकामी होते. आम्लारी जास्त ठेवली की सगळे आम्ल संपेल याची खात्री राहते आणि हिशेब आम्लावरून करता येतो. पाणी किती तयार होणार? 0.05 मोल. दोन्ही द्रावणे बराच वेळ एकाच खोलीत ठेवलेली आहेत. तापमापी आम्लातून काढून आम्लारीत बुडवण्याआधी धुऊन पुसायची, नाहीतर तिच्या फुग्यावरच छोटेसे उदासिनीकरण होते आणि आकडा फसवा येतो.

आता दर मिनिटाला वाचन. 0, 1, 2 आणि 3 या मिनिटांना तापमान 25.0 अंश सेल्सिअस. बरोबर चौथ्या मिनिटाला आम्लारी एकदम ओतायची आणि ढवळत राहायचे. त्या मिनिटाला वाचन घ्यायचे नाही. घेतले तरी त्याला अर्थ नाही. पाचव्या मिनिटाला 31.2, सहाव्याला 31.3, सातव्याला 31.1, आठव्याला 30.9, नवव्याला 30.7, दहाव्याला 30.5.

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान घेऊन हे बिंदू मांडले की चित्र स्पष्ट होते. आधीचे चार बिंदू आडव्या रेषेत. सहाव्या मिनिटापासूनचे बिंदू दर मिनिटाला 0.2 अंशाने उतरणाऱ्या रेषेत. पाचव्या मिनिटाचा बिंदू या रेषेखाली पडतो, कारण तापमापी तेव्हा अजून चढतच होती. म्हणून रेषा आखताना तो सोडायचा. आता पट्टी लावून उतरती रेषा चौथ्या मिनिटापर्यंत मागे वाढवायची. ती तिथे 31.7 वर पोहोचते. आधीची आडवी रेषाही चौथ्या मिनिटापर्यंत पुढे न्यायची, ती 25.0 वरच राहते. दोहोंतले उभे अंतर 6.7 अंश, ही दुरुस्त तापमानवाढ. नुसत्या कमाल वाचनावरून ती 6.3 निघाली असती.

या मागे वाढवलेल्या रेषेचा अर्थ एवढाच: पेला ज्या वेगाने आत्ता निवतो आहे, त्याच वेगाने मिसळल्याच्या क्षणापासून निवत होता. उदासिनीकरण क्षणार्धात होते, म्हणून हे गृहीतक इथे चालते. जस्ताची पूड मोरचुदाच्या द्रावणात टाकली तर तापमान काही मिनिटे सावकाश चढते. तिथे रेषा थेट सुरुवातीपर्यंत ओढली, तर न गेलेली उष्णताही जमेस धरली जाते आणि दुरुस्ती जास्त होते. दुसरी मर्यादा वेळेची. निवण्याचा वेग खोली आणि द्रावण यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असल्याने, वीस-पंचवीस मिनिटे वाचने घेतली की रेषा वाकताना दिसते. तिथून सरळ पट्टी लावून मागे गेलात तर उत्तर पुन्हा कमी येते. सुरुवातीची चार-पाच मिनिटेच वापरावीत.

आता हिशेब. 100 ग्रॅम द्रावण, प्रत्येक ग्रॅमला एका अंशासाठी 4.18 ज्यूल, आणि 6.7 अंश: गुणाकार सुमारे 2800 ज्यूल. त्याला 0.05 ने भागले की मोलला 56 किलोज्यूल. दुरुस्ती न करता 52.7 येते. (द्रावणाला पाणी मानणे खटकते खरे. पण खारट द्रावण पाण्यापेक्षा थोडे जड असते आणि त्याची विशिष्ट उष्णता थोडी कमी. या दोन चुका एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात.)

आलेख मात्र सगळे दुरुस्त करत नाही, आणि इथे पुष्कळजण फसतात. पेल्याची आतली भिंत, तापमापी आणि ढवळणी द्रावणाबरोबर तापतात. ही उष्णता बाहेर गेलेली नसते, त्यामुळे उतरत्या रेषेत तिचा मागमूस नसतो. ती वेगळी मोजावी लागते: त्याच पेल्यात थंड पाणी, त्यात मोजलेले गरम पाणी, आणि हाच आलेख. अपेक्षेपेक्षा मिश्रण जितके कमी तापले, त्यावरून पेल्याचा वाटा कळतो. समजा तो अंशाला 10 ज्यूल निघाला. मग आणखी 67 ज्यूल जमा होतात आणि उत्तर 57.4 वर जाते.

हे बरोबर की जास्त? पुस्तकांत 57.3 छापलेले असते, तर आधुनिक तक्त्यांत 25 अंशांना 55.8. दोन्ही खरे आहेत. ही उष्णता तापमानाबरोबर बदलते, अंशामागे साधारण 0.2 किलोज्यूलने कमी होत जाते, आणि 57.3 हा आकडा 18 अंशांच्या आसपास जुळतो. शिवाय 55.8 हे अतिसौम्य द्रावणांचे मूल्य आहे. 1 मोलर द्रावणांत त्याहून थोडी जास्त उष्णता मिळते. त्यामुळे ताळा पाहताना कोणत्या आकड्याशी तुलना करतो आहोत ते आधी ठरवावे.

दुरुस्ती विश्वासार्ह आहे का, हे पुस्तक न उघडताही तपासता येते. तोच प्रयोग मोठ्या पेल्यात, प्रत्येकी 100 मिलिलिटर घेऊन करावा. द्रावण दुप्पट, पण उष्णता जाण्याचा पृष्ठभाग दुप्पट नाही, म्हणून उतरती रेषा कमी तिरकी होते आणि कमाल वाचन वर सरकते. मागे वाढवलेली रेषा मात्र चौथ्या मिनिटाला जवळपास त्याच जागी पोहोचायला हवी. पेल्याचा वाटा आता तुलनेने लहान असल्याने किंचित वर, इतकेच. ती अर्ध्या अंशाने सरकली, तर बहुधा ढवळणे कमी पडले आहे किंवा ओतण्याचा क्षण चुकीचा नोंदला आहे.