कॉन्ट्रास्ट गुणोत्तर

पडद्यावरचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक सांगणारी संख्या. दोन्ही रंग एकच असतील तर ती १:१ येते, शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळ्या अक्षरांसाठी २१:१. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब-सुगम्यता मार्गदर्शकाने साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ ही मर्यादा घातली. मोठ्या अक्षरांना, म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असल्यास १४ पॉइंटपासून पुढे, ३:१ पुरते. त्यावरची अधिक कडक पायरी ७:१ आहे. २०१८ च्या २.१ आवृत्तीने बटणांच्या कडा, चिन्हे यांनाही ३:१ लागू केले.

४.५ हा आकडा कुठून आला, याबद्दल बरीच चर्चा झाली आहे. मार्गदर्शकासोबतच्या स्पष्टीकरणानुसार, सामान्य दृष्टीच्या वाचकाला ३:१ पुरते असे जुनी पडदा-मानके मानत. दृष्टी ६/१२ पर्यंत उतरलेल्या, म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरूनच ओळखू शकणाऱ्या वाचकाला सुमारे दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून ३ गुणिले १.५. वयाच्या ऐंशीच्या आसपास अशी दृष्टी सर्वसाधारणपणे आढळते. ७:१ मागे ६/२४ च्या आसपासच्या दृष्टीचा विचार आहे. म्हणजे हे आकडे हिशोबातून आलेले आहेत, आजच्या पडद्यांवरच्या वाचनचाचण्यांतून थेट काढलेले नाहीत. शिवाय दृष्टीची तीक्ष्णता आणि कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही दुसरी क्षमता मोजणाऱ्या पेली-रॉबसन तक्त्यावर अक्षरांचा आकार तोच राहतो, ती फक्त फिकट होत जातात. नेहमीच्या तक्त्यावर चांगले वाचणारा, पण मोतीबिंदू किंवा काचबिंदूची सुरुवात असलेला रुग्ण या तक्त्यावर लवकर अडखळू शकतो. त्यामुळे ४.५:१ ला सर्वांना पुरेल असे माप न समजता खालची मर्यादा समजणे अधिक योग्य.

सूत्र असे:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

यात L1 ही उजळ रंगाची आणि L2 ही गडद रंगाची सापेक्ष दीप्ती, म्हणजे शुद्ध काळ्याला ० आणि शुद्ध पांढऱ्याला १ धरून मोजलेला उजळपणा; मिळवलेले ०.०५ हे काचेवर पडणाऱ्या आजूबाजूच्या उजेडासाठी. दीप्ती काढताना लाल, हिरवा आणि निळा यांची मूल्ये आधी सरळ प्रमाणात आणतात आणि मग त्यांना अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ एवढे वजन देतात. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो, हे या वजनांत दिसते. म्हणूनच पांढऱ्यावर शुद्ध निळी अक्षरे ८.५९ मिळवतात, तर डोळ्यांत भरणारा शुद्ध लाल ४ च्या किंचित खालीच राहतो आणि साध्या मजकुराला अपुरा ठरतो. रंग भडक आहे म्हणून तो वाचता येईल, असे नसते.

नेहमीचे उदाहरण राखाडी अक्षरांचे आहे. पांढऱ्या पानावर `#777777` घेतला तर त्याची दीप्ती सुमारे ०.१८४५ येते. १.०५ ला ०.२३४५ ने भागले की ४.४८ मिळते. आकडा ४.५ कडे वळवण्याची मुभा नसल्याने हा रंग नापास होतो. एकच पायरी गडद केलेला `#767676` मात्र ४.५४ वर पास होतो. डोळ्याला या दोहोंत काहीही फरक दिसत नाही. काठावरच्या रंगाला आणखी एक धोका असतो: तोच `#767676` पानाऐवजी फिक्या राखाडी चौकटीत आला की गुणोत्तर ४.५ च्या खाली जाते. तपासणी पांढऱ्यावर केलेली असते आणि वापर चौकटीत होतो, म्हणून ही चूक नजरेतून सुटते. अक्षरांचा रंग थोडा अधिक गडद, उदाहरणार्थ `#595959`, घेतला तर पांढऱ्यावर सुमारे ७:१ मिळते आणि अशा चौकटींसाठी जागा उरते.

गडद पार्श्वभूमीवर सूत्राची मर्यादा उघड होते. काळ्यावर `#767676` चे गुणोत्तर ४.६ च्या आसपास येते, पांढऱ्यावरच्या इतकेच. वाचताना मात्र ते अधिक मंद वाटते. हा दोष दूर करण्यासाठी संशोधक अँड्र्यू सोमर्स यांनी एपीसीए ही पद्धत सुचवली. तिच्यात अक्षर गडद की पार्श्वभूमी गडद, यानुसार हिशोब बदलतो आणि अक्षरांची जाडीही जमेस धरतात. आकलनाच्या दृष्टीने ती अधिक पटणारी आहे, तरी डब्ल्यूसीएजीच्या २ मालिकेत जुनेच सूत्र कायम आहे.

अल्पदृष्टी वाचकांची गरज एकसारखी नसते. काहींना, विशेषतः डोळ्यातला पारदर्शक भाग धूसर झालेल्यांना, पांढऱ्या पानाच्या चकाकीचा त्रास होतो आणि काळ्यावर पांढरी अक्षरे सोपी जातात. असे वाचक आपले रंग स्वतः लावतात. पानात अक्षरांचा रंग दिला आणि पार्श्वभूमीचा दिला नाही, तर वाचकाने निवडलेल्या काळ्या पार्श्वभूमीवर पानाची काळी अक्षरे येतात आणि मजकूर नाहीसा होतो. दोन्ही रंग एकत्र द्यावेत, किंवा दोन्ही वाचकावर सोडावेत.

मोठ्या अक्षरांच्या व्याख्येत चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांसाठी समतुल्य आकाराची तरतूद आहे. देवनागरीचा उल्लेख नाही. देवनागरीत अनुस्वार आणि मात्रांच्या रेषा अक्षराच्या मानाने बारीक असल्याने, १८ पॉइंटलाही ३:१ ची सवलत न घेता ४.५:१ च पाळणे बरे.