फोटोतलं अवजार: नऊ फण दिसले म्हणजे कल्टीव्हेटरच का?

नोव्हेंबरात भाच्याने शेतातला एक फोटो पाठवला. ट्रॅक्टरमागे आडव्या चौकटीला नऊ फण, टोकं मातीत गाडलेली आणि वरचा भाग फोटोत कापलेला. मी लगेच म्हणालो, कल्टीव्हेटर. पण ते गव्हाचं पेरणी यंत्र होतं.

ही चूक सहज होते, कारण दोन्हींची चौकट आणि फण जवळपास सारखेच असतात. पेरणी यंत्रावर बियाण्याची आणि खताची पेटी असते, पण तेवढ्यावर विसंबू नये. फण खोल जावेत म्हणून कल्टीव्हेटरवर दगड किंवा मातीची पोती ठेवतात, आणि लांबून तीही पेटीसारखी दिसतात. म्हणून नजर फणाच्या मागे न्यावी. तिथे वरून उतरणारी नळी असेल तर पेरणी यंत्र. दुसरी खूण म्हणजे जमिनीवर चालणारं छोटं चाक. या चाकावरून साखळीने पेटीतली खाचांची रुळं फिरतात आणि बी खाली पडतं. त्यामुळे ट्रॅक्टर हळू चालो की जोरात, ठरावीक अंतरात पडणारं बी साधारण तेवढंच राहतं. भाच्याच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात हे चाक अर्धं दिसत होतं. मी ते पाहिलंच नव्हतं. कल्टीव्हेटरला अशा चाकाची गरज नसते. उलट बऱ्याच कल्टीव्हेटरच्या फणांना जाड स्प्रिंगा असतात. दगड लागला की फण मागे झुकतो, मोडत नाही.

फणांच्या संख्येवर मात्र जाऊ नये. गहू २२.५ सेंटीमीटरवर पेरायचा तर नऊ फण लागतात; त्याच चौकटीवर सोयाबीन ४५ सेंटीमीटरवर पेरताना एकाआड एक फण काढले की पाचच उरतात.

नांगर ओळखणं त्या मानाने सोपं. पलटी नांगराचे दोन फाळ जमिनीत आणि त्यांच्याच उलट आकाराचे दोन वर हवेत असतात. नांगरताना ट्रॅक्टरची एका बाजूची चाकं तासात उतरतात, म्हणून तो कललेला दिसतो. काळ्या रानात मागे मोठी ढेकळं पडतात आणि त्यांची कापलेली बाजू चकाकते.

खरा घोळ तव्यांचा. तव्यांचा नांगर आणि डिस्क हॅरो, दोघांनाही गोल तवे. नांगराचे तवे दोन-तीनच, मोठे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दांडा. हॅरोचे तवे बरेच, एकाच आसात माळेसारखे ओवलेले. पुढच्या रांगेच्या कडांना बहुधा खाचा असतात. 'हॅरो'ला सरसकट कुळव म्हणू नये असं माझं मत आहे. आपल्या कुळवाला तवे नसतात. त्याला आडवी पास असते, आणि ती मातीचा वरचा थर खरवडत जाते.

अवजार धुळीत झाकलं असेल तर मागची जमीन पाहावी. सरळ, बारीक, समान अंतराच्या रेघा असतील तर पेरणी झालेली असण्याची शक्यता जास्त. पण यंत्रामागे फळी बांधलेली असली की या रेघाही पुसल्या जातात. अशा फोटोवरून नाव ठरवू नये, दुसरा फोटो बाजूने काढून मागवावा.