वडिलांच्या मागे मुलाच्या नावावर शेअर आणताना : अज्ञान मुलाचं पॅन

मुलाचं पॅन काढून द्या, असं सांगत आमच्याकडे येणारे पालक दोन तऱ्हेचे असतात. काहींना मुलाच्या नावाने म्युच्युअल फंडात दरमहा हजार रुपये टाकायचे असतात. त्यांना आम्ही सहसा थांबवतो. मुलाच्या फोलिओला पालकाचं पॅन आणि केवायसी चालतं, त्यामुळे मुलाच्या पॅनची घाई नसते. दुसरे पालक येतात ते घरात दुःखाचा प्रसंग घडून गेल्यावर. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी आहे.

लालबागच्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. यजमान अचानक गेले. त्यांच्या डिमॅट खात्यावर नॉमिनी म्हणून अकरा वर्षांच्या मुलाचं नाव होतं आणि आठ लाखांची मुदत ठेवही त्याच्याच नावे व्हायची होती. शेअर मुलाकडे यायचे तर मुलाचं स्वतःचं डिमॅट खातं लागतं, आणि ते मुलाच्या पॅनशिवाय उघडत नाही. आईचं पॅन तिथे चालत नाही. खातं चालवणार आई, पण मालक म्हणून नाव आणि पॅन मुलाचं, अशी ती रचना आहे.

अर्ज भारतीय नागरिकांसाठीचा नेहमीचाच, ज्याला सगळे ‘४९ए’ म्हणून ओळखतात. फरक तीन ठिकाणी पडतो. पहिला फोटोचा. अज्ञान मुलाचा फोटो लावायचा नाही, चौकटी रिकाम्या ठेवायच्या. कार्डावरही मुलाचा फोटो आणि सही येत नाही. दुसरा, ‘प्रतिनिधी करदाता’ या रकान्यात आईचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहायचा. तिसरा सहीचा, आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात. सही आईने स्वतःची, नेहमीचीच करायची. मुलाचं नाव आईच्या अक्षरात लिहिलं तर ती सही होत नाही. पाचवी-सहावीतला मुलगा हौसेने सही करायला बसतो, त्याचीही चालत नाही. सही चौकटीच्या रेघेला टेकू देऊ नये. शेवटच्या जाहीरनाम्यात आपण कोणत्या नात्याने सही करतो ते विचारलेलं असतं, तिथे `REPRESENTATIVE ASSESSEE` असं लिहायचं. ताईंनी घाईत `HERSELF` लिहिलं होतं. आम्ही तो कागद फाडून नवा भरायला लावला, कारण मुलाच्या अर्जात ‘स्वतः’ म्हणजे मुलगा.

सही येत नसेल तर अंगठा चालतो, मात्र तो नोटरी, दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून शिक्क्यासह साक्षांकित करून घ्यावा लागतो.

आता नावाचं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं, जन्मदाखल्यावर शेवटी, आणि आधारवर कधी वडिलांचं नाव गाळलेलंच असतं. पॅनच्या अर्जात नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, म्हणून आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. आडनाव त्याच्याच रकान्यात गेलं का, हे नंतरही ओळखता येतं. पॅनमधलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी P असतं आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. कदम आडनावाच्या मुलाच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर K आलं नाही, तर रकाने उलटसुलट झाले असं समजा.

मुंबईत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. महापालिकेचा जन्मदाखला असतो, पण त्यावर बाळाचं नावच नसतं. बारशाआधी दाखला काढला आणि पुढे कुणी वॉर्ड ऑफिसात गेलंच नाही. ते नाव नोंदवून घेतल्याशिवाय जन्मतारखेचा पुरावा अपुरा राहतो. आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल तर तेही आधी पूर्ण करून घ्यावं.

वडिलांच्या नावाचा रकाना भरताना ‘कै.’ किंवा ‘स्वर्गीय’ लिहू नका. हात अडखळतो हे आम्हाला समजतं, पण तिथे फक्त नाव हवं असतं. कार्डावर आईचं नाव छापून हवं असेल तर तसा पर्याय अर्जातच आहे. आईचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मुलासाठीही धरला जातो. आईचं पॅन माहेरच्या नावाने आणि मुलाच्या दाखल्यावर सासरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. कार्ड पोस्टाने घरी हवं असेल तर सरकारी शुल्क शंभरच्या थोडं पुढे आहे. आधारवरून मिनिटांत मिळणारं तात्काळ ई-पॅन अज्ञान मुलांना मिळत नाही, तेव्हा तसं आश्वासन कुणी दिलं तर पैसे देऊ नका.

पॅन हातात आलं की ते बँकेत लगेच नोंदवा. ताईंच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ५६,००० रुपये व्याज होतं. पॅन नोंदलेलं असेल तर बँक १० टक्के म्हणजे ५,६०० रुपये कर कापते, नसेल तर २० टक्के, ११,२०० रुपये. आता गंमत अशी, की पॅन मुलाचं असलं तरी हे व्याज कराच्या हिशोबात आईच्या उत्पन्नात धरलं जातं, कारण हयात पालक तीच. ताईंचा पगार वर्षाला सहा लाख. त्यात ५६,००० मिळवले तरी नव्या करप्रणालीत कर शून्य येतो आणि कापलेली रक्कम परत मिळायला हवी. पण कापलेला कर जमा दिसतो मुलाच्या पॅनवर. म्हणून बँकेला लेखी कळवावं लागतं, की हे उत्पन्न आईच्या हिशोबात जातं, तेव्हा कपातीची नोंद आईच्या पॅनवर करा. हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. विवरणपत्र भरायच्या वेळी बँकेत धावपळ करून हाती फार काही लागत नाही.

पॅन आणि डिमॅट झालं म्हणजे शेअर मुलाचेच झाले, असं मात्र नाही. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीतही हेच स्पष्ट केलं. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलं आणि त्याची आई यांचे वाटे सारखे पडतात. ताईंच्या सासूबाई हयात आहेत, म्हणजे वाटेकरी तीन. त्यांनी आपला हक्क नातवासाठी सोडायचा की नाही हा त्यांचा निर्णय, पण तो तोंडी ठेवू नका.

आई-वडील दोघेही नसतील तर आजोबांनी नुसती सही करून भागत नाही. आजोबा कायद्याने नैसर्गिक पालक नाहीत, न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते आणि तो आदेश अर्जाला जोडावा लागतो. अशा मुलाचं उत्पन्न कुणाच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही. ते त्याचंच राहतं, आणि विवरणपत्र भरायची वेळ आली तर ते पालक त्याच्या वतीने भरतात.

मुलगा अठराचा झाला की क्रमांक तोच राहतो, नवं पॅन काढायचं नाही. दुसरं काढलं तर दोन पॅन बाळगल्याबद्दल दंड होऊ शकतो. फोटो आणि त्याची स्वतःची सही चढवण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. डिमॅटची केवायसीही त्याच्या नावाने नव्याने करावी लागते, आणि तोवर आईच्या सहीने व्यवहार होत नाहीत. फीचा हप्ता त्या शेअरच्या विक्रीवर अवलंबून असेल, तर वाढदिवसाच्या दोन महिने आधी आमच्याकडे या.